एकशे ऐंशीवा दिवस

ते बिल माझ्या फायलीत अजून आहे. चिकलठाण्याच्या एका छोट्या टूलरूमचं, १२ जून २०२३ तारखेचं. वर छापील पत्त्यात 'औरंगाबाद', कोपऱ्यात आमच्या गेटचा निळा शिक्का, खाली मालकाची वळणदार सही. प्रेस डाय, एक नग, ४,००,००० रुपये. त्यावर सीजीएसटी ३६,००० आणि एसजीएसटी ३६,०००. एकूण ४,७२,०००. या एका कागदाने मला माझ्या कामातली जी गोष्ट शिकवली, ती पंधरा वर्षांत कुठल्या सेमिनारमध्ये शिकले नव्हते.

मी वाळूज एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये हिशेब बघते. कंपनी लहान आहे. दुचाकी आणि रिक्षाचे पत्र्याचे भाग बनवून मोठ्या पुरवठादारांना द्यायचे, त्यांनी ते जोडून पुढे वाहन कंपनीला द्यायचे, अशा साखळीतली आमची तिसरी-चौथी कडी. नवीन भागाची ऑर्डर आली की डाय बनवून घ्यावी लागते, आणि डाय बनवणारा आमच्याहूनही लहान असतो. हे टूलरूमवाले काका एकेकाळी मोठ्या कारखान्यात टूलमेकर होते. नंतर स्वतःचं मिलिंग मशीन आणि ग्राइंडर टाकून त्यांनी तीन माणसांची टूलरूम उभी केली. मला ते 'ताई' म्हणतात, वयाने वडिलांसारखे असूनही.

डाय १४ जूनला आमच्या गेटवर उतरली. ट्रायआउटमध्ये दोन ठिकाणी बर आला, काकांनी पंच पुन्हा घासून दिला आणि नमुने आमच्या ग्राहकाकडे मंजुरीला गेले. आमचा करार असा होता की डायचे पैसे ग्राहक दोन टप्प्यांत देणार, शेवटचा मोठा टप्पा नमुने मंजूर झाल्यावर. पण ग्राहकाचं ते मॉडेलच पुढे ढकललं गेलं. मंजुरी अडकली, तसे आमचे पैसे अडकले, आणि आमचे अडकले म्हणून काकांचे अडकले. सप्टेंबरमध्ये आम्ही त्यांना १,१८,००० दिले. बाकी ३,५४,००० तसेच राहिले.

इथवर यात नवीन काही नाही. वाळूजमध्ये कुठल्याही गेटच्या आत गेलात तर अशी तीन-चार बिलं सापडतील. आमचा प्रश्न सुरू झाला तो त्या ७२,००० रुपयांच्या करापाशी.

जून महिन्याचा जीएसटीआर-३बी मी २० जुलै २०२३ ला भरला, तेव्हा काकांच्या बिलावरचं पूर्ण क्रेडिट घेतलं. ते घेणं बरोबरच होतं. बिल हातात होतं, माल आला होता, काकांनी त्यांच्या विवरणात बिल दाखवलं होतं आणि आमच्या २बी मध्ये ते आलं होतं. पुरवठादाराला पैसे दिल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, असं कायदा म्हणत नाही. तो आधी घेऊ देतो आणि मग मुदत घालतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६(२) मधलं दुसरं परंतुक सांगतं की बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला बिलाची रक्कम करासकट दिली नाही, तर तेवढं क्रेडिट व्याजासह परत करायचं. कसं आणि कोणत्या विवरणात, हे नियम ३७ सांगतो. रिव्हर्स चार्जवाली खरेदी यातून वगळलेली आहे, कारण तिथे कर आपणच भरलेला असतो.

जुन्या माणसांना ही मुदत सुरुवातीला फार विचित्र वाटली. व्हॅटच्या काळात सेट-ऑफ घेताना आम्ही पार्टीला पैसे दिले की नाही, हे कुणी विचारत नसे. तिथली भीती उलटी होती : पार्टीने कर सरकारात भरलाय की नाही. सेवा कराच्या क्रेडिटमध्ये मात्र तीन महिन्यांत पैसे देण्याची अट होती, पण ती फक्त सेवांपुरती. १ जुलै २०१७ पासून माल आणि सेवा दोन्ही एका दोरीत आल्या आणि दोरीची लांबी झाली १८० दिवस.

मला हा नियम माहीत होता, हे आधी सांगून टाकते. नियम माहीत नसल्याने चूक झाली असती तर तिच्यावर लिहिण्यासारखं काही नव्हतं. मी दर महिन्याला टॅलीमध्ये देण्यांचा अहवाल काढत असे आणि १८० च्या पुढे गेलेलं बिल शोधत असे. त्या अहवालात `Due on` आणि `Overdue by Days` असे दोन रकाने असतात. मी दुसरा रकाना बघत होते.

आता त्या रकान्यात काय असतं ते पाहा. आमच्याकडे सगळ्या पार्ट्यांना सरसकट ९० दिवसांची उधारी टाकून ठेवलेली होती. म्हणजे काकांच्या १२ जूनच्या बिलाची देय तारीख टॅलीने धरली १० सप्टेंबर २०२३, आणि दिवस मोजायला सुरुवात केली तिथून. कायदा मोजतो बिलाच्या तारखेपासून. माल कधी आला, जीआरएन कधी झाला, ट्रायआउट कधी पास झाला, उधारी किती ठरली, यातल्या कशाशी त्याला देणंघेणं नाही. कायद्याचा १८० वा दिवस होता ९ डिसेंबर २०२३. त्या दिवशी माझ्या अहवालात काकांच्या बिलापुढे आकडा होता ९०.

२९ फेब्रुवारीचा अहवाल मला चांगला आठवतो. काकांच्या बिलापुढे १७२ होते. मी पेन्सिलने गोल केला आणि साहेबांना सांगितलं, "अजून आठ दिवस आहेत, काकांचं बिल बघू या." साहेब म्हणाले, "मार्चएंडला ग्राहकाकडून येतील, तेव्हा देऊ." मार्चएंडला आले नाहीत. मी माझ्या हिशेबाने ८ मार्चला मुदत संपली असं धरलं आणि एप्रिल महिन्याच्या विवरणात क्रेडिट परत करायचं असं ठरवलं.

मे महिन्यात ते विवरण तयार करायला बसले, तेव्हा क्रेडिटची रक्कम टिपून घेण्यासाठी मूळ बिल काढलं. तारीख वाचली आणि नेमका दिवस लिहावा म्हणून कॅलेंडरवर बोटाने मोजायला लागले. जूनचे १८, जुलैअखेर ४९, ऑगस्टअखेर ८०, सप्टेंबरअखेर ११०, ऑक्टोबरअखेर १४१, नोव्हेंबरअखेर १७१, आणि पुढे नऊ. बोट ९ डिसेंबरवर थांबलं. मी पुन्हा मोजलं. ३० एप्रिलचा अहवाल शेजारी होता, त्यात २३३ दिवस दिसत होते. खरं वय होतं ३२३. मधले नव्वद दिवस मीच कधीतरी पार्टी मास्टर तयार करताना टाकलेले होते.

चूक सापडली की पहिला प्रश्न, क्रेडिट किती परत करायचं. बिलातली चौथाई रक्कम दिलेली होती. एके काळी यावर वाद व्हायचा की थोडी जरी बाकी राहिली तरी पूर्ण क्रेडिट जातं का. २०२२ च्या ऑक्टोबरपासून नियमाची भाषा बदलली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या दुरुस्तीने तो वाद मिटवला : जितकी रक्कम दिली नाही, तितक्याच प्रमाणात क्रेडिट परत. ४,७२,००० पैकी ३,५४,००० बाकी म्हणजे पाऊण हिस्सा. ७२,००० चा पाऊण हिस्सा ५४,०००, म्हणजे सीजीएसटी २७,००० आणि एसजीएसटी २७,०००.

पण चौथाई रक्कम 'या' बिलाची दिली, हे सिद्ध कसं करायचं? याच काळात डायच्या किरकोळ दुरुस्तीची आठ-दहा हजारांची बिलं काका देत होते आणि ती आम्ही महिन्याच्या महिन्याला चुकवत होतो. म्हणून काकांचं खातं वरून बघितलं तर चालू वाटायचं. मोठं बिल त्याच्या तळाशी गाळासारखं बसलं होतं. सुदैवाने प्रत्येक पेमेंट मी टॅलीत `Agst Ref` लावून त्या-त्या बिलावरच टाकलेलं होतं आणि बँकेच्या मेलमध्येही बिल नंबर लिहिलेला होता. अनेक ठिकाणी सगळं `On Account` टाकून देतात. मग कोणतं बिल चुकतं झालं आणि कोणतं नाही, हे खातं सांगू शकत नाही. अशा वेळी भारतीय करार कायद्याची कलम ५९ ते ६१ आठवावीत. देणाऱ्याने सांगितलं त्या देण्यापोटी रक्कम जाते, त्याने नाही सांगितलं तर घेणारा ठरवतो, आणि दोघांनीही ठरवलं नाही तर सगळ्यात जुन्या देण्यापासून जमा होत जाते. दुरुस्तीचे ते छोटे पैसे मी बिल नंबर न लिहिता दिले असते, तर काकांनी दुसरं काही ठरवलं नसतं तेव्हा ते डायच्या बिलालाच गेले असते आणि परत करायचं क्रेडिट थोडं कमी झालं असतं. माझ्या नीटनेटकेपणाने आमचं नुकसान केलं, असा एक विचार त्या रात्री मनात येऊन गेला. पण नंतर पैसे वळवून दाखवणं बरोबर नव्हतं, आणि बँकेचा मेल तर मीच लिहिलेला होता.

दुसरा प्रश्न, उशीर कधीपासून धरायचा. नियम म्हणतो, १८० दिवसांच्या मुदतीनंतर लगेच येणाऱ्या कर-कालावधीच्या ३बी मध्ये क्रेडिट परत करा. मुदत ९ डिसेंबरला संपली. शब्दशः वाचलं तर पुढचा कालावधी जानेवारी २०२४, आणि त्याचं विवरण २० फेब्रुवारीपर्यंत. काहीजण सावधगिरीने डिसेंबरच्याच विवरणात परत करून मोकळे होतात. आम्ही शब्दशः वाचन धरलं. म्हणजे २० फेब्रुवारीला जे करायचं होतं, ते मी २० मे ला करत होते. गंमत अशी की फेब्रुवारीच्या त्या दिवसांत मी अजून 'आठ दिवस बाकी' म्हणण्याच्या वाटेवरच होते.

तिसरा प्रश्न व्याजाचा, आणि तिथे आमच्या सीए साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

ऑक्टोबर २०२२ च्या आधी नियम ३७ मध्ये एक उपनियम होता. तो स्पष्ट सांगत होता की व्याज क्रेडिट घेतलं त्या तारखेपासून लागेल. तो उपनियम काढून टाकला गेला. आता उरलं आहे ते एवढंच, की 'कलम ५० प्रमाणे लागू होणाऱ्या व्याजासह' रक्कम भरा. १ ऑक्टोबर २०२३ पासून हेच शब्द कायद्याच्या परंतुकातही आले आहेत. दर १८ टक्के. पण कलम ५० मध्ये व्याजाचे दोन मार्ग आहेत. एक, कर भरायची तारीख चुकली तर त्या तारखेनंतरच्या दिवसांचं व्याज. दुसरा, चुकीने क्रेडिट घेऊन ते वापरलं तर वापरलं त्या दिवसापासूनचं व्याज. दुसऱ्या मार्गात एक दिलासा असतो : क्रेडिट लेजरमधली शिल्लक त्या रकमेच्या खाली कधीच गेली नसेल, तर क्रेडिट वापरलेलं धरत नाहीत आणि व्याजही लागत नाही. पण आमचं लेजर दर महिन्याला झाडून रिकामं होतं. आमच्यासारख्या युनिटला शिल्लक राखून ठेवणं परवडत नाही.

सीए साहेबांचं म्हणणं असं : आपण २० जुलै २०२३ ला क्रेडिट घेतलं, ते त्या दिवशी हक्काचं होतं. १८० दिवस पूर्ण होईपर्यंत ते हक्काचंच राहिलं. मग त्याला 'चुकीने घेतलेलं' कसं म्हणायचं? चूक झाली ती २० फेब्रुवारीला, परत न केल्याची. तेव्हा पहिला मार्ग, आणि दिवस मोजायचे २१ फेब्रुवारीपासून २० मे पर्यंत. ते भरले नव्वद.

मी मुद्दाम दोन्ही हिशेब कागदावर मांडले. ५४,००० वर १८ टक्के म्हणजे वर्षाला ९,७२०, दिवसाला साधारण २६ रुपये ६३ पैसे. नव्वद दिवसांचे २,३९७ रुपये. क्रेडिट घेतल्यापासून, म्हणजे २१ जुलै २०२३ पासून धरलं तर ३०५ दिवस, ८,१२२ रुपये. फरक पावणेसहा हजारांच्या आसपास.

साहेब म्हणाले, "मॅडम, सहा हजारांसाठी पुढे नोटीस येणार असेल तर भरून टाका ना."

सीए साहेब हसले. "भरा म्हटलं तर भरता येईल. पण पुढच्या वेळी असंच बिल चाळीस लाखांचं असेल, तेव्हा तुम्हीच आधी काय धरलं होतं, हे तुमच्याच कागदावरून दाखवतील."

तपासायला आलेला अधिकारी पहिल्या दिवसापासून व्याज मागू शकतो, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. परंतुकातले शब्द तसेही वाचता येतात. आम्ही नव्वद दिवसांचं व्याज धरलं. दोन्ही हिशेब, निवडलेला आणि सोडलेला, तारखांसह एका पानावर लिहिले, खाली कारण लिहिलं आणि ते पान बिलामागे लावून ठेवलं. चौकशी होईल तेव्हा माझ्या आठवणीपेक्षा त्या पानाचा उपयोग जास्त होईल.

विवरण भरतानाही एक खड्डा होता. ३बी मध्ये परत करायच्या क्रेडिटसाठी शेजारी-शेजारी दोन जागा आहेत. 4(B)(1) कायमचं गेलेल्या क्रेडिटसाठी, 4(B)(2) पुढे परत मिळू शकणाऱ्यासाठी. जुलै २०२२ च्या परिपत्रकाने सांगितलंय की नियम ३७ चं क्रेडिट दुसऱ्या जागी टाकायचं. ऑगस्ट २०२३ पासून पोर्टलवर त्यासाठी एक स्वतंत्र खातंही आहे, `Electronic Credit Reversal and Re-claimed Statement`. 4(B)(2) मध्ये टाकलेली रक्कम त्या खात्यात जाऊन बसते, आणि पुढे क्रेडिट परत घेताना पोर्टल तिथली शिल्लक बघतं. पहिल्या जागी टाकलं असतं तर त्या खात्यात आमच्या नावावर काहीच दिसलं नसतं. परत घेताना इशारा आला असता, आणि मग तो खुलासा करत बसणं आलं. मी रकाना दोनदा तपासला, मग दोन्ही शीर्षांत २७,००० टाकले. व्याज 5.1 मध्ये, पूर्ण रुपयांत प्रत्येकी १,१९९. व्याजाला क्रेडिट चालत नाही, ते रोखीनेच भरावं लागतं. त्या महिन्यात लेजर रिकामं असल्याने परत केलेल्या ५४,००० चा करही रोखीनेच गेला. चलन झालं ५६,३९८ रुपयांचं.

ते चलन बँकेतून वळतं झालं तेव्हा मला पहिल्यांदा एक गोष्ट टोचली. काकांना द्यायला आपल्याकडे पैसे नव्हते. काकांना दिले नाहीत म्हणून सरकारला द्यायला मात्र निघाले.

पुढच्या आठवड्यात मी डायच्या दुरुस्तीचं चलन घेऊन चिकलठाण्याला गेले. काका लेथजवळ उभे होते. चहा आला. बोलता बोलता मी त्यांना सगळं सांगितलं, जरा सफाई दिल्यासारखं. तुमचं बिल थकलं म्हणून आम्हाला क्रेडिट परत करावं लागलं, वर व्याजही गेलं. मला वाटलं, त्यांना निदान एवढं समजेल की आम्हीही भोगतोय.

काकांनी हाताचं तेल पुसलं. "म्हणजे माझे पैसे तुमच्याकडे राहिले, आणि व्याज दिलं सरकारला?"

"हो."

"आणि तो कर तर मी जुलैतच भरलाय, ताई. तुमच्याकडून पैसे न येता. घरच्या ठेवीवर कर्ज काढून."

मी घरी येताना मुकुंदवाडीपासून पार पंढरपूर फाट्यापर्यंत हाच हिशेब करत आले. काकांनी जूनचा कर जुलैत भरला. आम्ही त्याचं क्रेडिट घेतलं, तोवर सरकारच्या तिजोरीत हिशेब बरोबर होता. मग आम्ही क्रेडिट परत केलं. आता त्याच डायवरचे ५४,००० सरकारकडे दोनदा होते, एकदा काकांनी भरलेले आणि एकदा आम्ही. आम्ही काकांना पैसे देईपर्यंत ते तसेच राहणार, शिवाय व्याज वेगळं. या तरतुदीमागचा हेतू पुरवठादाराला वेळेवर पैसे मिळावेत हाच सांगितला जातो. पण तिच्यातून हललेला एकही रुपया पुरवठादाराच्या हातात पडत नाही. ब्रिटनमध्ये ग्राहकाने सहा महिने पैसे दिले नाहीत तर त्याला व्हॅटचं क्रेडिट परत करावं लागतं, आणि दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यालाही बुडीत येण्यावर भरलेला व्हॅट परत मागता येतो. आपल्याकडे त्यातला पहिला अर्धाच आहे. काकांचे पैसे बुडाले असते, तरी त्यांनी भरलेला कर परत मागायची सोय जीएसटीत नाही.

व्याजाचा हक्क काकांना दुसरा एक कायदा देतो. काका सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यममध्ये नोंदलेले आहेत. एमएसएमई कायद्यानुसार त्यांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ. त्या वर्षी बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे २०.२५ टक्के. ३,५४,००० वर चक्रवाढ न धरताही वर्षाला एकाहत्तर हजारांवर जातं. आम्ही सरकारला भरलेले २,३९८ त्यापुढे काहीच नाहीत. मी हे काकांना सांगितलं, कारण न सांगणं मला जमलं नसतं. ते म्हणाले, "अर्ज केला तर पुढची डाय कोण देईल?" कायद्याने दिलेलं व्याज त्यांनी तिथेच सोडून दिलं.

ग्राहकाची मंजुरी शेवटी २०२४ च्या अखेरीस आली आणि १६ जानेवारी २०२५ ला मी काकांचे ३,५४,००० आरटीजीएसने पाठवले. क्रेडिट परत घ्यायची वेळ आली तेव्हा साहेबांना धसका बसला. २०२३-२४ च्या बिलाचं क्रेडिट घ्यायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२४ होती, ती उलटून गेली होती. पण ती मुदत पहिल्यांदा क्रेडिट घेण्यासाठी आहे. नियम ३७ खाली परत केलेलं क्रेडिट पुन्हा घेताना ती लागू होत नाही, असं त्याच नियमात शेवटी स्पष्ट लिहिलंय. जानेवारीच्या विवरणात मी ५४,००० नेहमीच्या क्रेडिटसोबत 4(A)(5) मध्ये घेतले आणि तेच 4(D)(1) मध्ये दाखवले. पोर्टलवरच्या त्या खात्यातली शिल्लक शून्य झाली. क्रेडिट आलं, व्याज आलं नाही. ते कधीच येत नाही. या सगळ्या प्रकारात कायमचं गेलेलं तेवढंच.

त्यानंतर मी टॅलीतला अहवाल बिलाच्या तारखेवरून काढायला लागले, आणि टॅलीवर विसंबून न राहता एक साधी एक्सेलही ठेवली. पहिल्या रकान्यात पार्टी, दुसऱ्यात बिलाची तारीख आणि तिसऱ्यात फक्त हे :

```
=B2+180
```

चौथ्या रकान्यात त्या बिलावर दिलेली रक्कम, पाचव्यात बाकीच्या प्रमाणातलं क्रेडिट. दर महिन्याच्या पाच तारखेला पुढच्या पंचेचाळीस दिवसांत येणाऱ्या तारखा लाल होतात. ती यादी मी साहेबांच्या टेबलावर ठेवते, आणि पाचव्या रकान्यातली बेरीज मोठ्या अक्षरात लिहिते. पार्टीला किती द्यायचेत यापेक्षा सरकारला रोख किती भरावे लागतील, हा आकडा त्यांना लवकर हलवतो. यादी द्यायला लागल्यापासून दोन-तीन छोट्या पार्ट्यांचे पैसे मुदतीच्या आत गेलेत. त्या पार्ट्यांना आमच्याकडे अशी यादी असते, हे माहीतही नाही.

काकांना मात्र माहीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांचं नवीन डायचं बिल आलं. पत्त्यात आता 'छत्रपती संभाजीनगर' छापलेलं. आणि खाली सहीच्या वर, निळ्या पेनाने, त्याच वळणदार अक्षरात एक ओळ : '१८० वा दिवस', आणि पुढे तारीख. मी एक्सेल उघडून ताडून पाहिली. बरोबर होती, बिलाच्या तारखेपासूनच मोजलेली.

त्या तारखेच्या दहा दिवस आधी फोन आला. "ताई, तुमची तारीख जवळ आलीय."

पैसे आठव्या दिवशी गेले.